नळ येण्याआधीचे तीस सेकंद

प्रश्न : मराठवाड्यातल्या आमच्या गावाला नळाचे पाणी आठ दिवसांआड येते. घरातल्या साठवणीत डास होऊ नयेत यासाठी आकाशवाणीवर तीस सेकंदांची जाहिरात द्यायची आहे आणि ती लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मसुद्याचे पहिले वाक्य असे आहे : ‘आपल्या घराच्या परिसरात पाणी साचू न देता, आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस म्हणून पाळून, पाण्याचे सर्व साठे रिकामे करून डासोत्पत्ती स्थाने नष्ट करावीत.’ पुढे कूलर, टायर, कुंड्या, फ्रिजमागचा ट्रे, संडासाच्या पाइपाला जाळी, गप्पी मासे हे सगळे आहे. घरच्यांना वाचून दाखवले तर ‘चांगले आहे’ म्हणाले, पण त्यातले काय करायचे ते कुणालाच सांगता आले नाही. एकदाच ऐकून ध्यानात राहील असे कसे लिहावे?

उत्तर :

आपल्या वाक्यात माहितीची चूक नाही, परंतु ते डोळ्यांसाठी लिहिलेले वाक्य आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते. वाचणाऱ्याला त्याचा त्रास होत नाही, कारण त्याची नजर मागे जाऊ शकते. ऐकणाऱ्याला मात्र क्रियापद येईपर्यंत आधीचे सगळे शब्द मनात धरून बसावे लागते. आपल्या पहिल्या वाक्याची अक्षरे मी मोजली, ती 66 भरली. रेडिओवर स्पष्ट आणि न धावता बोलणारा निवेदक सेकंदाला साधारण पाच अक्षरे बोलतो. याचा अर्थ, नेमके काय करायचे हे सांगणारे ‘करावीत’ हे पद कानावर पडेपर्यंत तेरा सेकंद निघून जातात, आणि तोवर पोळी उलटणारी बाई किंवा मोटारसायकलची चेन पुसणारा माणूस आपल्या कामात परत गेलेला असतो.

मी शब्द मोजत नाही, अक्षरे मोजतो, आणि तसे करण्यास कारण आहे. ‘घासल्यावरच’ हा एकच शब्द आहे, पण तो बोलायला ‘नळ आला’ या दोन शब्दांपेक्षा जास्त वेळ लागतो. इंग्रजीतल्या शब्दसंख्येच्या हिशेबाने मराठी जाहिरात लिहिली की ती हमखास अडतीस-चाळीस सेकंदांची होते, आणि मग स्टुडिओत निवेदकाला धावायला लावतात किंवा ध्वनिमुद्रण यंत्रावर वेगवान करतात. एकदाच ऐकू येणाऱ्या मजकुराला यापेक्षा वाईट शिक्षा नाही. तीस सेकंदांतले चार-साडेचार सेकंद आवाज, श्वास आणि थांबे यांना द्यावे लागतात. उरलेल्या पंचवीस-सव्वीस सेकंदांत सव्वाशेच्या आसपास अक्षरे बसतात. आपल्या यादीतल्या प्रत्येक वस्तूला एकेक छोटे वाक्य दिले तरी ती त्यात मावणार नाही, आणि समजा मावलीच, तरी ऐकणाऱ्याच्या मनात मावणार नाही. म्हणून लिहिण्याआधीचा निर्णय असा, की एक भांडे, एक वेळ आणि एक कृती एवढेच निवडायचे.

भांडे निवडणे आपल्याकडे सोपे आहे. जिथे पाणी आठ दिवसांआड येते तिथे घरात सर्वांत जास्त काळ पाणी धरून ठेवणारी वस्तू म्हणजे दोनशे लिटरचा प्लास्टिकचा ड्रम, आणि जुन्या घरांत रांजण किंवा हौद. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा एडिस डास गटाराच्या पाण्यात नव्हे, तर अशाच स्वच्छ, सावलीतल्या, हलत नसलेल्या पाण्यात वाढतो, आणि तो दिवसा चावतो. लोकांचा समज अजूनही ‘डास गटारातून येतात’ असाच असतो, त्यामुळे स्वतःचा झाकण ठेवलेला ड्रम त्यांना संशयास्पद वाटत नाही. कूलर हा एप्रिल-मेचा विषय आहे आणि टायर व करवंट्या हा जून-जुलैचा. त्यांच्यासाठी वेगळ्या जाहिराती कराव्यात.

कृती निवडणे मात्र तितके सोपे नाही, आणि बहुतेक जाहिराती इथेच चुकतात. सरकारी साहित्यात कृती लिहिलेली असते ती ‘भांडी रिकामी करा’ किंवा ‘पाणी ओतून द्या’ अशी. मराठवाड्यात हे वाक्य ऐकले जात नाही. ऐकले तरी मानले जात नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या उन्हाळ्यात घागरी घेऊन ज्यांनी रांगा धरल्या, त्यांना रेडिओने ‘पाणी ओता’ म्हटले तर ते रेडिओकडे कसे पाहतील, याचा विचार करावा. ‘पाणी साचू देऊ नका’ हेही तसेच आहे. लिहिणाऱ्याच्या मनात ‘साचणे’ आणि ‘साठवणे’ वेगळे असतात, परंतु कानाला ते इतके जवळचे आहेत की ऐकणाऱ्याला ‘पाणी साठवू नका’ असेच ऐकू येते, आणि जो सल्ला पाळणे शक्यच नाही तो देणाऱ्याचे पुढचे बोलणे कुणी मनावर घेत नाही.

शिवाय ‘रिकामे करा’ हा सल्ला अपुराही आहे. एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, तर पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर आतल्या भिंतीला चिकटवते. ती काळी आणि मिलिमीटरपेक्षाही लहान असतात, त्यामुळे निळ्या किंवा काळ्या ड्रमच्या आत सहसा दिसत नाहीत. ड्रम पालथा केला तरी ती तिथेच राहतात, कोरडी झाली तरी अनेक महिने टिकतात, आणि पुढच्या खेपेला पाणी त्या रेषेपर्यंत चढले की फुटतात. उन्हाळी-पावसाळी हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात. म्हणजे ड्रम रिकामा करून, नुसता विसळून लगेच भरणारे घर मनाने निश्चिंत असते आणि अंडी जागच्या जागी असतात. म्हणून तीस सेकंदांत सांगायची कृती ‘घासा’ ही आहे. काथ्या, ब्रश किंवा भांड्यांची घासणी, काहीही चालते. महत्त्वाचे असते ते आतल्या भिंतीवर, विशेषतः पाण्याच्या रेषेजवळ, जोर लावून फिरवणे.

‘घासा’ म्हटल्याने पाण्याचा तंटाही मिटतो. आठव्या दिवशी ड्रमच्या तळाला जे बादली-दीड बादली पाणी उरते, त्याच पाण्याने ड्रम घासता येतो आणि मग ते पाणी अंगणातल्या कोरड्या मातीवर किंवा झाडाच्या आळ्यात ओतता येते. ते गटारात किंवा दुसऱ्या भांड्यात मात्र ओतू नये, कारण पाण्यातले वळवळणारे किडे तिथेही तग धरू शकतात, तर कोरड्या मातीवर पडले की मरतात. हा तपशील मी जाहिरातीत घालत नाही. तो आशा ताईंनी दारात उभे राहून सांगावा. रेडिओवरून एवढेच पोचले पाहिजे, की भरण्याआधी घासायचे असते.

आता वेळ. ‘आठवड्यातून एकदा’ ही लिहिणाऱ्याची वेळ आहे. ती ऐकणाऱ्याच्या दिवसात कुठेच नसते. ‘कोरडा दिवस’ तर त्याहून अडचणीचा. काही वर्षांपूर्वी एका स्थानिक मोहिमेसाठी मी ‘दर शुक्रवारी कोरडा दिवस पाळा’ असे लिहिले होते. ध्वनिमुद्रण उत्तम झाले. पुढे एका खेड्यात चहाच्या टपरीवर एकाने मला प्रामाणिकपणे विचारले, की शुक्रवारी दुकान बंद असते ते सगळ्या जिल्ह्यात की फक्त आपल्या तालुक्यात. दारूबंदीचा दिवस त्याला माहीत होता, डासांचा नव्हता. शेजारच्या म्हाताऱ्याने त्यावर भर घातली, की आपल्याकडे तर सातही दिवस कोरडेच असतात. तेव्हापासून मी तो शब्द रेडिओसाठी सोडून दिला. फलकावर तो चालतो, कारण तिथे बाजूला चित्र असते.

ज्या घरात पाणी आठ दिवसांआड येते, त्या घरात एक वेळ मात्र कुणी विसरत नाही, ती म्हणजे नळ येण्याची. त्या वेळी ड्रम रिकामा किंवा जवळजवळ रिकामा असतो, घरातले कोणीतरी त्याच्याजवळ उभे असते, आणि पाणी सुटण्याआधी नळातून काही मिनिटे नुसती हवाच येत असते. ती मिनिटे ड्रम घासायला पुरतात. सांगायची कृती जर अशा ठरलेल्या कामाला बांधली, तर ती लक्षात ठेवण्याचे ओझे ऐकणाऱ्यावर राहत नाही; नळ खाकरला की ती आपोआप आठवते.

या तीन निवडींवरून जो मजकूर होतो, तो पुढे देत आहे.

> (नळ खाकरल्याचा, थांबून थांबून हवा येण्याचा आवाज. दोन सेकंद.)
>
> पुरुष : नळ आला! पाइप आण.
>
> बाई : अजून हवाच यायली. आधी ड्रम आतून घासा.
>
> पुरुष : रिकामाच तर आहे!
>
> बाई : रिकाम्या ड्रमच्या कडेला डासाची अंडी चिकटलेली असतात. ओतून निघत नाहीत. घासल्यावरच निघतात.
>
> (प्लास्टिकचा ड्रम काथ्याने घासल्याचा आवाज. दीड सेकंद.)
>
> निवेदक : डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यात वाढतो. नळ येण्याआधी ड्रम, रांजण आतून घासा. भरल्यावर वरून कापड बांधा.
>
> बाई : आधी घासा, मग भरा.

हे 45 शब्द आणि 127 अक्षरे आहेत. सेकंदाला पाचच्या हिशेबाने बोलण्याचे साडेपंचवीस सेकंद होतात आणि आवाजांचे साडेतीन, म्हणजे एकूण एकोणतीस. उरलेला सेकंद निवेदकाच्या श्वासाला लागतो. आपण घड्याळ लावून वाचून पाहावे, आणि वाचताना बसून नव्हे तर उभे राहून, मोठ्याने वाचावे. मनातल्या मनात वाचले की तीस सेकंदांचा मजकूर वीस सेकंदांत संपतो आणि माणूस फसतो.

आता यातल्या काही जागांविषयी सांगतो, कारण आपण मजकूर आपल्या गावासाठी बदलणारच आहात आणि काय हलवले की काय कोसळते हे माहीत असलेले बरे.

सुरुवातीचे दोन सेकंद कुणी ऐकत नाही. कान वळायला तेवढा वेळ लागतो. म्हणून तिथे माहिती ठेवायची नाही. जो आवाज ऐकला की मराठवाड्यातला माणूस जागचा उठतो, तो ठेवायचा. मात्र त्यात एक तांत्रिक खाच आहे. प्रसारण मध्यम लहरींवर असेल तर त्यात उंच पट्टीचे आवाज बोथट होतात आणि मागे खरखर असते, त्यामुळे नळातल्या हवेची नुसती ‘फुस्स’ ऐकणाऱ्याला स्टेशन हलल्यासारखी वाटते आणि त्याचा हात बटणाकडे जातो. ध्वनिमुद्रणात नळाची खडखड आणि मधेच पाण्याची एखादी गुळणी आलीच पाहिजे. हा आवाज ध्वनिसंग्रहातून घेऊ नये. नळाच्या दिवशी मोबाइल घेऊन कुणाच्या तरी अंगणात उभे राहिले की तो फुकट मिळतो.

याच बोथटपणामुळे ‘घासा’ या शब्दालाही धोका आहे. त्यातला ‘स’ हरवला तर ‘घाला’ असेही ऐकू येऊ शकते. म्हणून ‘घासल्यावरच निघतात’ याच्या लगेच मागे घासण्याचा आवाज ठेवला आहे. तो सजावट म्हणून नाही. शब्द अर्धवट ऐकू आला तर अर्थ त्या आवाजाने पुरा व्हावा यासाठी आहे. ‘घासा’ हा शब्द तीन वेळा येतो, आणि ‘घासल्यावरच’ धरले तर चार वेळा. कागदावर ही पुनरुक्ती खटकेल आणि आपले वरिष्ठ बहुधा एका ठिकाणी ‘स्वच्छ करा’ सुचवतील. तसे करू देऊ नये. ‘स्वच्छ करा’ म्हणजे विसळणे, असाच अर्थ घरोघरी घेतला जातो.

पुरुषाचे ‘रिकामाच तर आहे!’ हे वाक्य मला या मजकुरात सर्वांत महत्त्वाचे वाटते. ऐकणाऱ्याच्या मनातली शंका नेमकी तीच असते, आणि ती त्याच्या आधी दुसऱ्या कुणी विचारली की पुढचे उत्तर तो कान देऊन ऐकतो. हे वाक्य काढून तेच ज्ञान निवेदकाच्या तोंडी घातले, तर अक्षरे वाचतात, पण अंड्यांची गोष्ट बातमीसारखी कानावरून जाते. आणखी एक लहानशी सोय अशी, की बायको नवऱ्याला आदरार्थी ‘घासा’ म्हणते आणि तेच रूप ऐकणाऱ्यालाही लागू पडते. शिवाय घासण्याचे काम पुरुषाकडे जाते. दोनशे लिटरचा ड्रम आडवा करून आत वाकायचे असते, ते एकट्या बाईच्या माथी का मारावे?

‘हवाच यायली’ एवढ्या एकाच जागी बोलीचा रंग ठेवला आहे. ‘यायली’, ‘करायली’ ही रूपे परभणी, नांदेड, लातूर या बाजूला घराघरांत बोलली जातात आणि तेवढ्याने ‘हे आपल्याकडचे आहे’ हे कळते. प्रत्येक वाक्यात बोली घातली की ती नक्कल वाटू लागते आणि ऐकणारे हसतात; हसण्यात काही वाईट नाही, पण हसताना पुढची दोन वाक्ये ऐकायची राहून जातात. आपले पात्र शहरी उच्चाराचे असेल तर ‘यायली’ त्याच्या तोंडी घालूच नये, ‘येतेय’ करावे. अक्षरे तेवढीच राहतात.

‘अळी’ हा शब्द मी मुद्दाम टाळला आहे. तज्ज्ञ मंडळी ‘डासांच्या अळ्या’ म्हणतात आणि ते बरोबरच आहे. पण रेडिओवर त्याचे दोन घोटाळे होतात. जाहिरात शेतीच्या कार्यक्रमाला लागून वाजली, तर कापसाच्या पट्ट्यात ‘अळी’ म्हटल्यावर शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे बोंडअळी येते आणि तो फवारणीची वाट पाहतो. दुसरा घोटाळा ‘अळ्या’ आणि ‘आळ्या’ यांचा. ‘आळ्या तपासा’ असे ऐकले की गल्ल्या तपासायच्या आहेत असे वाटते, आणि ते काम नगरपालिकेचे असते. शाईने लिहिले तर ‘अ’ आणि ‘आ’ वेगळे दिसतात. घाईने वाचले तर तसे ऐकू येत नाहीत. म्हणून ‘डासाची अंडी’ म्हणावे, आणि किड्यांविषयी बोलायचेच झाले तर ‘पाण्यातले वळवळणारे किडे’ म्हणावे.

शेवटून दुसरे वाक्य माझ्या पहिल्या मसुद्यात ‘भरल्यावर तोंडाला कापड बांधा’ असे होते. रांजणाचे तोंड, हंड्याचे तोंड, हे आपल्याला इतके सवयीचे आहे की त्यात मला काहीच वावगे दिसले नाही. ऐकवून पाहिले तेव्हा एका आजोबांनी सांगितले, की डेंग्यूपासून वाचायचे तर मास्क लावायचा. त्यांनी वाक्याचा पहिला शब्द ऐकला नव्हता, बस्स. ‘तोंडाला’च्या जागी ‘वरून’ घातल्यावर अक्षरे तेवढीच राहिली आणि घोटाळा गेला. यावरून मी प्रत्येक वाक्याला एक कसोटी लावतो : याचा कोणताही अर्धा भाग ऐकला तर माणूस काही चुकीचे किंवा घातक करील का? आपल्या यादीत पुढे ‘साचलेल्या डबक्यात जळके तेल टाका’ असे काही असेल, तर ते याच कसोटीवर बाद होते. ज्या जाहिरातीत शेजारच्याच वाक्यात पिण्याच्या पाण्याचा ड्रम आहे, तिथे ‘पाण्यात तेल टाका’ एवढेच ऐकू आले तर काय होईल, हे सांगायला नको. अॅबेट हे पाण्यात टाकायचे, डासांच्या अळ्या मारणारे औषधही मी याच कारणासाठी वगळले आहे. ते मोजून टाकायचे असते आणि ते आरोग्य कर्मचाऱ्याचे काम आहे.

कापडाचे वाक्य मात्र काढू नये, जरी ती दुसरी कृती असली आणि मी वर ‘एकच कृती’ म्हटले असले तरी. त्याचे कारण आपल्या गावच्या आकड्यात आहे. नळ चार-पाच दिवसांआड येत असेल तर प्रत्येक खेपेला घासणे पुरते, कारण डास उडण्याआधीच त्याचा पाळणा मोडतो. आठ दिवसांआड म्हणजे काठावरचा हिशेब, आणि पाणीपुरवठ्याची मोटार जळून तेच अंतर बारा दिवसांवर गेले तर घासलेल्या ड्रममध्येही नव्याने घातलेल्या अंड्यांतून डास तयार होऊन उडून जाऊ शकतो. तेव्हा मादीला आत शिरूच न देणे हाच उपाय उरतो. ड्रमवर ठेवलेला पत्रा किंवा फळी पुरत नाही, कडेला फट राहते. जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा दुहेरी तुकडा सुतळीने घट्ट बांधलेला असावा. म्हणून वाक्यात ‘झाका’ नाही, ‘बांधा’ आहे.

एक अडचण आपल्याला शेवटच्या क्षणी येईल, ती आधीच सांगून ठेवतो. मजकूर मंजूर झाल्यावर ‘जिल्हा परिषद आरोग्य विभागातर्फे जनहितार्थ प्रसारित’ असे शेवटी जोडायला सांगतात. ही 23 अक्षरे आहेत, म्हणजे साडेचार सेकंद. पहिली विनंती अशी करावी, की हे केंद्राच्या निवेदकाने तीस सेकंदांच्या बाहेर म्हणावे. ते जमले नाही तर ‘आरोग्य विभाग, जिल्हा परिषद’ एवढ्यावर आणावे, त्याची 12 अक्षरे होतात. त्या बदल्यात ‘डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यात वाढतो’ ही 13 अक्षरे काढावीत आणि आजाराचे नाव जाऊ नये म्हणून बाईच्या वाक्यात ‘डेंग्यूच्या डासाची अंडी’ करावे. बेरीज 129 होते आणि निभावते. स्वच्छ पाण्याचे वाक्य मला आवडते, पण निवडायचेच झाले तर ते जावे. ड्रममध्ये अंडी असतात हे ऐकल्यावर गटाराचा समज निम्मा तरी हलतोच. संवाद मात्र कापू नये.

ध्वनिमुद्रण झाल्यावर ते घरच्यांना ‘कसे वाटले’ म्हणून ऐकवू नये. त्यावर ‘चांगले आहे’ हेच उत्तर येते, ते आपण अनुभवले आहेच. जाहिरात मोबाइलमध्ये घ्यावी, दोन गाण्यांच्या मधे ती ठेवावी, आणि भांडी घासत असलेल्या, दुकानात बसलेल्या, गोठ्यात काम करत असलेल्या आठ-दहा जणांजवळ काही न सांगता एकदाच वाजू द्यावी. दुसऱ्यांदा वाजवण्याचा मोह आवरावा. पाच-दहा मिनिटे दुसरे काही बोलून मग दोनच गोष्टी विचाराव्यात : त्यात काय करायला सांगितले, आणि कधी करायला सांगितले. ‘समजले का’ असे विचारू नये, कारण नाही म्हणणे कुणालाही अवघड जाते. उत्तर ‘डासांबद्दल काहीतरी होते’ असे आले तर कृती पोचलेली नाही. ‘ड्रम धुवायचा’ असे आले तर घासण्याचा आवाज कमी पडला आहे. ‘पाणी ओतून द्यायचे’ असे आले तर ‘ओतून निघत नाहीत’ मधला ‘नाहीत’ निवेदनात गिळला गेला आहे आणि त्या पात्राला ते वाक्य सावकाश म्हणायला लावून पुन्हा मुद्रित करावे. नकारार्थी वाक्यात नेहमी हीच भीती असते. या मजकुरात ते एकच ठेवले आहे, आणि त्याच्या पाठोपाठ होकारार्थी वाक्य लगेच यावे, मधे श्वास नको, असे त्या पात्राला बजावावे.

जाहिरात वाजू लागल्यानंतरचा पडताळा मात्र रेडिओवर होत नाही. आरोग्य सेवक घरोघर पाण्याची भांडी तपासून शंभर घरांपैकी किती घरांत डासांची वाढ सापडली याची नोंद ठेवतात. नळाच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर एखादी गल्ली फिरून यावे आणि ड्रमच्या आतल्या कडेवर बोट फिरवून पाहावे. बुळबुळीत लागली तर त्या घरात जाहिरात पोचलेली नाही, मग घरातल्यांनी ती शब्दशः म्हणून दाखवली तरीही.

आणि तालुक्यातल्या ज्या गावांत उन्हाळ्यात नळ बंद होऊन टँकर लागतात, तिथे हीच जाहिरात तशीच वाजवू नये. नळाचा आवाज तिथे टोमण्यासारखा वाटतो. त्यासाठी वेगळी प्रत मुद्रित करून ठेवावी. सुरुवात टँकरच्या भोंग्याने करावी आणि पुरुषाने ‘टँकर आला!’ म्हणावे. तिथे हवा येण्याची सवलतीची मिनिटे मिळत नाहीत, म्हणून बाईचे वाक्य ‘रांगेत मी थांबते. आधी ड्रम आतून घासा’ असे करावे, आणि निवेदकाचे ‘नळ येण्याआधी’ बदलून ‘पाणी येण्याआधी’ करावे. अक्षरे 126 भरतात, एक कमीच.